गोणीमागे तीन किलो

उधन्यातल्या त्या बेकरीत मैद्याची गोण शोभाबाई महाजनांच्या सहीशिवाय जागची हलत नाही, हे मालकापासून तिथल्या मांजरापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. साखर, तूप, यीस्ट, मीठ, सगळं त्यांच्या स्टोअरमधून वजन करून निघायचं. किल्ली कमरेला. भट्टीवरचा पोरगा 'मावशी, एक किलो साखर जास्त द्या, उद्या लिहू,' असं म्हणाला, की शोभाबाई त्याला असं काही सुनवायच्या की पलीकडच्या पॅकिंगमध्ये टोस्ट मोजणाऱ्या बायकांचा आकडा चुकायचा.

आवाज मोठा, हे खरं. पण त्याला कारण होतं. नवरा हिलाल लिंबायतच्या पॉवरलूमवर उभी हयात राबला आणि लूमच्या खडखडाटात त्याचे कान गेले. घरात 'चहा घेता का' हे सुद्धा ओरडून विचारावं लागायचं. ती सवय घेऊनच शोभाबाई कामावर यायच्या. माहेर धरणगावकडचं, दहावी पास. बेकरीत लागल्या त्या पॅकिंगला. पुढे स्टोअर सांभाळणारा माणूस गावी निघून गेला, तेव्हा मालक छगनशेठनी बायकांमध्ये विचारलं, "लिहिता कोणाला येतं?" बाकीच्यांनी एकमेकींकडे पाहिलं, शोभाबाईंनी किल्लीकडे. तेव्हापासून किल्ली त्यांची.

दिवाळीनंतर छगनशेठचा पुतण्या योगेंद्र बेकरीत मॅनेजर म्हणून आला. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, भट्टीवर जाऊन उभा राहायचा, घाम पुसत पुसत विचारायचा. एका मोठ्या दुकानवाल्याला माल द्यायचा होता, त्यासाठी बेकरी सुधारायचं त्याने मनावर घेतलं होतं. डोक्यावर टोप्या आल्या, फरशा बदलल्या. आणि भुको बंद झाला.

भुको म्हणजे टोस्टचा चुरा. पावाच्या लादीचे काप करताना, ते दुसऱ्यांदा भट्टीत वाळवताना, पाकिटात भरताना काही तुटतातच. ते तुकडे संध्याकाळी पॅकिंगच्या बायका वेगळे काढायच्या, वजन करून वेस्टेजच्या खात्यात लिहायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीचे मिस्त्री बाबुराव तो भुको दळून नव्या कणकेत घालायचे. छगनशेठच्या वडिलांच्या वेळेपासून असंच चाललेलं. योगेंद्र म्हणाला, शिळं काही ताज्यात जाणार नाही, आजपासून भुको गुरांच्या खाद्याला विकायचा. हुकूम चांगलाच होता. बाबुरावांनी मान डोलावली. उदगीरकडचा माणूस, मालकाने पूर्वेला सूर्य मावळतो म्हटलं तरी मान डोलावणार. शोभाबाईंना तर त्यात काही म्हणायचं कारणच नव्हतं. भुको त्यांच्या स्टोअरमधून कधी निघालाच नव्हता. जे स्टोअरमधून निघत नाही ते इश्यू नाही, आणि जे इश्यू नाही त्याच्याशी शोभाबाईंचं देणंघेणं नाही. त्यांचा नियमच होता तो.

महिना संपला आणि योगेंद्रने रिपोर्ट काढला. यील्ड आणि वेस्टेजचा, म्हणजे किती कच्चा माल दिला आणि त्यातून किती तयार माल निघाला याचा. असा रिपोर्ट बेकरीत पहिल्यांदाच निघत होता. त्याने मागच्या वर्षाची रजिस्टरं चाळून एक माप ठरवलं. एका गोणीत पन्नास किलो मैदा, त्याला ठरलेली साखर, ठरलेलं तूप. पाण्याचा हिशोब नाही, ते वाळवताना उडूनच जातं. मागच्या वर्षी अशा एका गोणीमागे साठ किलो टोस्ट पॅक व्हायचा आणि तीन किलो भुको वेस्टेजमध्ये लिहिला जायचा. एकूण त्रेसष्ट. आणि या महिन्यात? पॅक सत्तावन्न, भुको तीन. एकूण साठ.

गोणीमागे तीन किलो गायब. रोज दहा गोण्या लागतात, म्हणजे रोज तीस किलो.

आता मला सांगा, तीस किलो गायब झालं तर शहाण्या माणसाने कुठे शोधावं? काट्यात शोधावं, भट्टीत शोधावं, कणकेत शोधावं. योगेंद्रने शोधलं ते बायकांच्या डब्यात. त्याच आठवड्यात गेटवर टेबल लागलं. सुटताना प्रत्येकीने पिशवी उघडायची, डबा उघडायचा, वॉचमन आत बघणार. ऑफिसातली माणसं मात्र मोटरसायकलला किक मारून सरळ बाहेर. त्यांच्या बॅगा म्हणजे जणू देवाच्या पेट्या!

शोभाबाईंनी पहिल्याच दिवशी वॉचमनला विचारलं, "क्यों रे, तीस किलो टोस्ट इस डब्बे में बैठेगा क्या?"

"कर नाही त्याला डर कशाला, मावशी?" वॉचमन म्हणाला.

ही म्हण ज्याने काढली तो स्वतः कधी गेटवर डबा उघडून उभा राहिला नसणार. शोभाबाईंनी डबा उघडून टेबलावर आपटला. आत भाजीचा रस्सा लागलेलं रिकामं भांडं होतं.

पॅकिंगमध्ये पल्लवी नावाची एक पोर होती. पोर म्हणजे लग्न झालेली, तीन वर्षांच्या मुलाची आई, पण शोभाबाईंना ती पोरच. राहायला लिंबायतला, शोभाबाईंच्याच मागच्या गल्लीत. दोघी एकाच शेअर रिक्षाने यायच्या. त्या संध्याकाळी वॉचमनने पल्लवीच्या डब्याचं झाकण काढलं आणि आत टोस्टचे चारपाच तुकडे निघाले.

तर इथे एक गोष्ट सांगायला हवी. शनिवारी सुटताना मूठभर भुको घरी न्यायचा, ही त्या बेकरीतली जुनी रीत. छगनशेठच्या आईने सुरू केलेली, पोराबाळांच्या तोंडात काहीतरी पडावं म्हणून. शनिवार होता. पल्लवीने मूठभर घेतले. भुको आता कणकेत जाणार नाही, हे सगळ्यांना सांगितलं होतं. मूठभर घरी न्यायचं बंद आहे, हे कोणी कोणालाच सांगितलं नव्हतं.

वॉचमनने डबा टेबलावर उपडा केला. योगेंद्र वरच्या ऑफिसातून खाली आला. त्याने त्या तुकड्यांचा आणि मागे उभ्या असलेल्या पल्लवीचा मोबाइलवर फोटो काढला आणि स्टाफच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'वेस्टेज कहाँ जाता है.' भट्टीवरच्या पुरुषांनी पाहिला, टेम्पोवाल्यांनी पाहिला, पल्लवीचा नवरा जिथे काम करतो त्या लूमवर सुद्धा कोणीतरी दाखवला. शंभर ग्रॅम सुद्धा भरले नसते ते तुकडे! शंभर ग्रॅम सापडले म्हणून तीस किलोचा चोर सापडला. याला हिशोब म्हणतात म्हणे.

रिक्षात पल्लवी ओढणीत तोंड घालून बसली होती.

"कसाले रडस?" शोभाबाई आपल्या गावच्या बोलीत म्हणाल्या. "मी शे ना."

पल्लवीने मान हलवली, पण वर पाहिलं नाही. सोमवारी ती कामावर आली नाही. मंगळवारीही नाही.

आणि पल्लवी घरी बसली तरी तीस किलो रोज गायब होतच राहिले. यावरून तरी कोणाच्या डोक्यात उजेड पडावा? पडला, पण भलत्याच बाजूला. योगेंद्रने शोभाबाईंना ऑफिसात बोलावलं. छगनशेठही बसले होते, खिडकीबाहेर बघत.

"शोभाबेन," योगेंद्र म्हणाला, "आप मुझे समझाओ. माल बाहर नहीं जाता, तो फिर शायद अंदर ही नहीं आता. रजिस्टर में दस गोणी इश्यू, लेकिन भट्टी पे सचमुच दस पहुँचती है क्या?"

शोभाबाईंना आधी प्रश्न कळलाच नाही. कळला तेव्हा कानशिलं तापली. म्हणजे मैदा त्या विकतात! गोणीतून काढून घेतात, आणि सही पूर्ण गोणीची करतात! इतकी वर्षं ज्या सहीचा अभिमान बाळगला, तिचाच आता चोरीचा कागद झाला होता.

"काका, तुम्ही काही बोलत नाही?" त्या छगनशेठना म्हणाल्या.

"हुं क्यां कंई कहुं छुं," छगनशेठ पुटपुटले. "छोकरो हिसाब जुए छे."

मी काही म्हणत नाही, पोरगा हिशोब बघतोय! म्हातारपणी माणसाला सगळ्यात सोपं काय वाटत असेल तर ते हेच, काही न म्हणणं. शोभाबाई तिथून उठल्या. महिनाअखेरपर्यंत फरक सापडला नाही तर स्टोअरची किल्ली ऑफिसात जमा करायची, असं योगेंद्रने मागून सांगितलं.

घरी त्यांनी हिलालला सांगितलं, अर्थातच ओरडून. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "आख्खी गल्ली ऐकी ऱ्हायनी." शोभाबाई म्हणाल्या, ऐकू दे. चोरी केली असती तर हळू बोलले असते.

पुढचे काही दिवस त्या प्रत्येक गोण भट्टीवर स्वतः घेऊन गेल्या. बाबुरावांसमोर काट्यावर चढवायची, वजन दाखवायचं, मगच टोक उसवायचं. वजनं बरोबर. काटा तपासला, काटा बरोबर. भट्टीचा ताव तोच, टोस्ट वाळायचे तेवढेच वाळत होते. आणि रोज संध्याकाळी आकडा तोच, सत्तावन्न आणि तीन. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. शोभाबाईंना वाटायला लागलं, आपल्याला वेड लागणार.

मग गुरांच्या खाद्यवाल्याचा पहिला टेम्पो आला. भुको बाहेर जाणार, म्हणजे गेटपास लागणार. आणि गेटपास देणार स्टोअर. शोभाबाईंनी आजवर या भुक्याला हात लावला नव्हता, कागदावर सुद्धा. आज भुको मोजणारी पॅकिंगवाली रजेवर होती म्हणून वजन त्यांनाच करावं लागलं. एका दिवसाचा भुको एका पोत्यात. पोतं काट्यावर ठेवलं.

तीस किलो.

दुसरं पोतं, आदल्या दिवसाचं. तीस किलोला थोडं कमी. तिसरंही तेवढंच.

शोभाबाई काट्यापाशी उभ्या राहिल्या. टेम्पोवाला 'पास आपो, बेन, मोडुं थाय छे' म्हणत घाई करत होता, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी बाबुरावांना हाक मारली, ती भट्टीच्या आवाजातूनही पार गेली.

"मिस्त्री, हे सगळं तुम्ही पूर्वी कणकेत घालायचात?"

"सगळंच की. फेकायचं कशाला? सोन्यासारखा माल."

"मग त्याचा टोस्ट व्हायचा?"

बाबुरावांनी त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. "टोस्टच होणार की बाई. जिलेबी कशी होईल?"

झालं. एवढंच होतं ते. संध्याकाळी भुको वेस्टेज म्हणून मोजला जायचा. सकाळी तोच कणकेत जायचा, त्याचा टोस्ट व्हायचा, आणि टोस्ट म्हणून पुन्हा मोजला जायचा. एकच तीन किलो दोनदा. कणकेत जाताना तो कोणीच लिहिला नव्हता, कारण तो शोभाबाईंच्या स्टोअरमधून निघत नव्हता. आणि योगेंद्रने त्याला एकदा कचरा म्हटलं, तेव्हाच त्याचं वजन त्याच्या डोक्यातून उतरलं. भुको बंद केला आणि गोणीमागे तीन किलो कमी झाले. कोणी नेले नव्हते. ते वरचे तीन किलो मैद्यातून कधी निघालेच नव्हते.

शोभाबाई टेम्पोवाल्याला तसाच सोडून वर गेल्या. दार वाजवलं नाही. सांगताना आवाज चढत गेला, खाली पॅकिंगपर्यंत ऐकू गेला. योगेंद्रने आधी हात वर केला, मग खाली घेतला. कॉम्प्युटरवर रोजचे आकडे लावले. ज्या सोमवारी भुको बंद झाला, त्याच दिवशी रेघ खाली आली होती आणि तिथेच सपाट राहिली होती. त्याने दोनदा पाहिलं. मग खुर्चीत मागे टेकून चक्क हसला.

"क्या बात है, शोभाबेन! डबल काउंटिंग. स्टँडर्ड ही गलत था. सॉल्व हो गया!"

त्याने तिथल्या तिथे त्रेसष्टचे साठ केले. फरकाच्या खात्यात शून्य आलं. छगनशेठनी चहा मागवला. सगळे खूश. जणू काही एखादं कोडं सुटलं आणि आता घरी जायचं.

शोभाबाईंनी चहाला हात लावला नाही.

"आणि गेटवरचं टेबल?"

"वो तो रहने दो," योगेंद्र म्हणाला. "अब सिस्टम बन गया है. अच्छी आदत है."

"पल्लवी?"

योगेंद्रला क्षणभर नाव आठवलं नाही. त्या क्षणाचा शोभाबाईंना जितका संताप आला, तितका स्वतःला चोर म्हटल्याचाही आला नव्हता. ज्या बाईचा फोटो चाळीस माणसांना दाखवला, तिचं नावसुद्धा लक्षात नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं ऐकलं होतं. इथे तर चोरच नव्हता, तरी फाशी दिली, आणि कोणाला ते विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत कणीक मळली गेली नाही. स्टोअरला कुलूप होतं आणि कुलपासमोर स्टुलावर शोभाबाई बसल्या होत्या. बाबुराव परात घेऊन आले, बघून परत गेले. कणीक मळायचं यंत्र रिकामं, भट्टी तापलेली, मोठ्या दुकानवाल्याचा माल दुपारी जायचा. योगेंद्र आला, आधी समजावलं, मग चढ्या आवाजात बोलला. चढ्या आवाजाचं शोभाबाईंना काय कौतुक! शेवटी छगनशेठ स्वतः आले.

"शोभाबेन, ताळुं खोलो."

"काका, मी गोण इश्यू करते तेव्हा सही घेते," शोभाबाई म्हणाल्या. आज आवाज मोठा नव्हता, आणि त्यामुळेच सगळे थांबून ऐकायला लागले. "तुम्ही त्या पोरीची अब्रू चाळीस माणसांत वाटली. कोणाची सही घेतली? गेटवरचं टेबल उचला. ग्रुपवर लिहा की चूक रिपोर्टची होती. आणि साहेबांनी लिंबायतला येऊन तिच्या दारात हे सांगायचं. मग किल्ली तुमची. हवी तर कायमची घ्या."

छगनशेठनी पुतण्याकडे पाहिलं. शनिवारची ती मूठ त्यांच्या आईने सुरू केलेली होती, हे कदाचित आता आठवलं असेल. मग ते एवढंच म्हणाले, "जा."

लिंबायतच्या त्या गल्लीत गाडी शिरत नाही. योगेंद्र शोभाबाईंबरोबर रिक्षात बसून आला, पुढे चालत गेला. पल्लवी दारात बसून साडीचे लोंबते धागे कापत होती. घरबसल्या हे काम तिने धरलं होतं. ती उठून उभी राहिली. आजूबाजूच्या बायका बाहेर आल्या. योगेंद्रचे बूट गटाराच्या कडेला, आणि काय बोलायचं ते त्याने रिक्षात ठरवून ठेवलेलं होतं.

"बेन, भूल हो गई. हिसाब में भूल थी."

पल्लवीने त्याच्याकडे पाहिलं. ही पोर पॅकिंगमध्ये कधी तोंड वर करून बोलल्याचं शोभाबाईंना आठवत नव्हतं.

"हिसाब कागज पे था, साहब," ती म्हणाली. "डब्बा मेरा था."

योगेंद्रने मान खाली घातली. मग खरंच, हळू, दुसऱ्यांदा माफी मागितली. त्या दुसऱ्या वेळी हिशोबाचं नाव घेतलं नाही.

टेबल गेटवरून उचललं गेलं. चूक रिपोर्टची होती, असं ग्रुपवर लिहून आलं. शनिवारची मूठ परत सुरू झाली, आणि आता कणकेत काही परत गेलं तर तेही शोभाबाईंच्या सहीने इश्यू होतं. किल्ली त्यांच्याच कमरेला राहिली. छगनशेठ कोणालाही सांगतात, आमचं स्टोअर म्हणजे पक्कं.

पल्लवीही पुढच्या सोमवारी कामावर आली. नवऱ्याशी दोन दिवस भांडून आली. रिक्षात शोभाबाईंनी तिच्या हातात पाहिलं. भाकरी आणि ठेचा पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत होता. बाहेरून सगळं दिसत होतं.

"तुना डबा कोठे शे?"

"घर शे, मावशी."

"आते कोणी उघडत नही. टेबल काढी टाकं."

"माले माहीत शे."

शोभाबाई रागावल्या, समजावलं, एकदा नवा स्टीलचा डबा विकत आणून तिच्या दारात ठेवला. तो डबा पल्लवीच्या घरी फळीवर आहे, मुलगा त्यात गोट्या ठेवतो. रोज दुपारी पॅकिंगच्या बायका डबे उघडून बसतात, आणि पल्लवी पिशवीची गाठ सोडते. जिन्यावरून जाताना योगेंद्रला ती पिशवी दिसते. दिसलीच पाहिजे, म्हणून शोभाबाई तिला हल्ली जिन्याच्या समोरच बसवतात.